n = 1 ला अडलेली सिद्धता: एका सराव परीक्षेच्या फेरतपासणीचं प्रकरण

पार्श्वभूमी

नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या एका क्लासमध्ये अकरावी-बारावीच्या मुलांची एक छोटी बॅच चालते. इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट म्हणजे आयएसआय आणि चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट म्हणजे सीएमआय, या संस्थांच्या प्रवेश परीक्षांत पर्याय निवडायच्या प्रश्नांबरोबर सिद्धता लिहून द्यायचे प्रश्नही असतात, आणि ही मुलं त्यांचीच तयारी करतात. बोर्डाच्या अकरावीच्या पुस्तकात इंडक्शनचा धडा असल्यामुळे ही पद्धत कुणालाच नवी नव्हती. आधी n = 1 साठी विधान खरं आहे हे दाखवायचं, हा पाया किंवा बेस केस. मग n = k साठी ते खरं मानून n = k + 1 साठी खरं ठरतं हे दाखवायचं, ही पायरी. हा साचा सगळ्यांना पाठ होता, आणि पुढचा सगळा घोळ या पाठ असण्यातूनच झाला.

रविवारच्या सराव परीक्षेत इंडक्शनवर दोन प्रश्न होते. पेपर दोघांनी वाटून तपासले. एक सर बोर्डाचे पेपर वर्षानुवर्षं तपासत आलेले, दुसऱ्या मॅडम एमएस्सी करून नुकत्याच शिकवायला लागलेल्या. गुणांवरून वाद झाला की फेरतपासणी माझ्याकडे येते, तशी ही आली. मुलांची ओळख पटेल असं इथे काही ठेवलेलं नाही. उत्तरं मात्र मुलांनी लिहिली तशीच घेतली आहेत.

सहा गुणांचा पहिला प्रश्न असा छापला होता:

सर्व नैसर्गिक संख्या n साठी 10ⁿ + 3·4ⁿ⁺² + 2 या राशीला 9 ने नि:शेष भाग जातो, हे इंडक्शनने सिद्ध करा.

मूळ प्रश्नात शेवटचा आकडा 5 आहे. टाइप करताना 5 चा 2 झाला आणि प्रूफ वाचताना तो कुणाच्या नजरेत आला नाही. नमुना उत्तर आधीच्या वर्षीचं होतं, म्हणजे 5 धरून लिहिलेलं.

अडचण

चूक उघडकीला आणली ती एका मुलीने. तिला या प्रश्नात सहापैकी एक गुण मिळाला होता. तिचं उत्तर जेमतेम तीन ओळींचं होतं: n = 1 घेतल्यास 10 + 3·64 + 2 = 204. 204 = 9 × 22 + 6. म्हणून विधान खोटे आहे.

ती पेपर घेऊन सरांकडे गेली.

“सर, मला एकच मार्क का?”

“अगं, तू सिद्धता लिहिलीच नाहीस. नुसता बेस केस केलास आणि सोडून दिलंस.”

“पण सर, बाकी सहा उरतेय. मग सिद्ध काय करू?”

सरांनी पेपरच्या मागच्या बाजूला आकडेमोड केली, प्रश्नपत्रिका मागवून घेतली, नमुना उत्तर बघितलं आणि मॅडमना हाक मारली. तोवर बॅचमधल्या बहुतेक मुलांना या प्रश्नात पाच किंवा सहा गुण देऊन झाले होते. खोटं विधान रीतसर “सिद्ध” झालं होतं, आणि ते खोटं आहे हे दाखवणाऱ्या एकटीला एक गुण होता.

ही छपाईची चूक म्हणून शुद्धिपत्रक काढलं असतं तर विषय तिथेच मिटला असता. पण ती चूक झाली नसती तर यातली अर्धी उत्तरं नापास व्हायला हवी होती हे कुणाला कळलंच नसतं. प्रश्नात 5 असता तर तीच उत्तरं, त्याच त्रुटींसह, पूर्ण गुण घेऊन गेली असती. विधान खरं असलं की तपासणाऱ्याचाही डोळा सैल पडतो. शेवटी काय येणार हे त्याला माहीत असतं, त्यामुळे मधल्या ओळी तो वाचत नाही, ओळखतो.

समोर आलेले पर्याय

सरांचं म्हणणं होतं की प्रश्न रद्द करावा आणि पेपर बाकीच्या गुणांवर मोजावा. चूक छापणाऱ्याची आहे, तर तिची शिक्षा मुलांना कशाला? या म्हणण्यात तथ्य होतं. परीक्षेत “सिद्ध करा” असं छापलेलं असलं की मूल विधानावर विश्वास ठेवतं, आणि तसा तो ठेवावा अशीच अपेक्षा असते. पण प्रश्न रद्द केला असता तर त्या मुलीचं अचूक उत्तरही त्याच्याबरोबर गेलं असतं.

क्लासच्या ऑफिसला सगळ्यांना सहा गुण देऊन टाकायचे होते, कारण मग पालकांचे फोन आले नसते. यात उत्तरं वाचायचीच गरज उरत नव्हती, म्हणून तो पर्याय आम्ही लगेच बाजूला ठेवला.

तिसरा पर्याय मॅडमनी मांडला. दिलेले गुण विसरायचे, उत्तरं पुन्हा वाचायची, आणि प्रत्येक उत्तरात पाया खरोखर घातलाय का आणि k पासून k + 1 ला जाताना k चा खरोखर उपयोग झालाय का, हे दोनच प्रश्न विचारायचे. वेळ जास्त जाणार होता आणि काहींचे गुण कमी होणार होते. गुण वाढले तर कुणी तक्रार करत नाही, कमी झाले की घरून माणसं येतात, हे सरांनी आठवण करून दिलं. तरीही आम्ही हाच पर्याय घेतला. या बॅचचे गुण कुठल्याही प्रवेशाला धरले जात नाहीत आणि मुलं सिद्धता लिहायला शिकण्यासाठीच येतात, हे त्यामागचं कारण.

प्रत्यक्ष काय केलं

आधी उत्तरांचे गठ्ठे केले. सोयीसाठी 10ⁿ + 3·4ⁿ⁺² + 2 या राशीला f(n) म्हणू.

पहिल्या, सर्वांत मोठ्या गठ्ठ्यातलं उत्तर साधारण असं होतं. “n = 1 साठी विधान उघडच खरे आहे. n = k साठी खरे मानू, म्हणजे f(k) = 9m. यावरून 10ᵏ = 9m − 3·4ᵏ⁺² − 2. आता f(k + 1) = 10·10ᵏ + 12·4ᵏ⁺² + 2. 10ᵏ ची किंमत घालून 90m − 30·4ᵏ⁺² − 20 + 12·4ᵏ⁺² + 2, म्हणजे 9(10m − 2·4ᵏ⁺² − 2). म्हणून f(k + 1) ला 9 ने भाग जातो. सिद्ध.”

यातली आकडेमोड ओळ न ओळ बरोबर आहे. तिथेच सर थबकले. विधान खोटं असताना पायरी बरोबर कशी येते? पेन घेऊन बघितलं तर कारण साधं निघालं. शेवटच्या आकड्याला c म्हणा. किंमत घातली की एकीकडून −10c येतात, दुसरीकडून +c येतो, आणि एकूण उरतात −9c. म्हणजे c कितीही असो, 9 सामाईक काढता येतोच. फरक घेऊन बघितलं तर हे आणखी स्वच्छ दिसतं:

f(k + 1) − f(k) = 9·10ᵏ + 9·4ᵏ⁺²

यात c कुठेच नाही, तो वजाबाकीत उडाला. पायरी एवढंच सांगते की एका n कडून पुढच्या n कडे जाताना 9 ने भागल्यावर उरणारी बाकी बदलत नाही. ती बाकी किती आहे हे पायरीला माहीत नसतं. c = 5 असेल तर बाकी 0 आणि ती कायम 0 राहते. c = 2 असेल तर बाकी 6 आणि ती कायम 6 राहते. n = 2 घालून बघा: 100 + 768 + 2 = 870, आणि 870 = 9 × 96 + 6. पुन्हा सहाच. बाकी शून्य आहे हे सांगायचं काम या सबंध सिद्धतेत एकटी n = 1 ची ओळ करते, आणि मुलांनी तिथे “उघडच खरे” लिहिलं होतं.

याच गठ्ठ्यात एक उत्तर वेगळं होतं. त्या मुलाने n = 1 ची ओळ पूर्ण लिहिली होती: 10 + 192 + 2 = 207 = 9 × 23. 207 हे 5 घातल्यावरचं उत्तर. पुस्तकातलं उदाहरण त्याच्या डोक्यात पक्कं होतं, त्यामुळे हाताने 2 लिहिलं आणि बेरीज मात्र आठवणीतून उतरली.

दुसऱ्या गठ्ठ्यात अशी उत्तरं आली ज्यांत “f(k) = 9m आणि f(k + 1) = 9p मानू” अशी ओळ होती. जे दाखवायचं तेच आधी मानलं म्हणून सरांनी पहिल्या फेरीतच या सगळ्यांवर लाल रेघ मारली होती. फेरतपासणीत आम्ही दोन उत्तरं शेजारी शेजारी ठेवली.

एकात त्या ओळीच्या पुढे होतं: “f(k + 1) − f(k) = 9p − 9m = 9(p − m). म्हणजे फरकाला 9 ने भाग जातो. f(k) ला भाग जातो, फरकालाही जातो, म्हणून f(k + 1) ला भाग जातो.”

दुसऱ्यात होतं: “f(k + 1) − f(k) = 9·10ᵏ + 9·4ᵏ⁺². म्हणून 9p = 9m + 9(10ᵏ + 4ᵏ⁺²), म्हणजे p = m + 10ᵏ + 4ᵏ⁺². उजवीकडे सगळे पूर्णांक आहेत, म्हणून p पूर्णांक आहे. म्हणून f(k + 1) ला 9 ने भाग जातो.”

दोन्हींची सुरुवात अक्षरशः सारखी आहे. पण पहिल्यात फरक काढला तो मानलेल्या 9p वरूनच. मूळ राशीला हातच लागला नाही, 10ᵏ आणि 4ᵏ⁺² पुढे कुठे आलेच नाहीत. दुसऱ्यात फरक राशीवरून काढला आहे, आणि p पूर्णांक आहे हे मानलेलं नाही, शेवटी दाखवलेलं आहे. तिथे p हे f(k + 1) ला 9 ने भागल्यावर जे येईल त्याला दिलेलं नुसतं नाव आहे. “मानू” हा शब्द चुकला, युक्तिवाद चुकला नाही.

हा फरक आम्हाला तिघांना शेजारी ठेवल्यावर दिसला, पण पुढच्या वेळी गर्दीत पेपर तपासणाऱ्याला तो दिसावा कसा? मॅडमनी सुचवलेली युक्ती इथे कामी आली. उत्तर तसंच ठेवायचं आणि विधान मुद्दाम बिघडवायचं. 9 च्या जागी 7 लिहायचा आणि तेच उत्तर पुन्हा वाचत जायचं. पहिलं उत्तर 7 घालूनही ठणठणीत चालतं: f(k) = 7m, f(k + 1) = 7p, फरक 7(p − m), म्हणून भाग जातो. कुठेही ठेच लागत नाही. वास्तविक 7 साठी पायरी खोटी आहे. k = 3 घेतला तर f(3) = 4074 ला 7 ने भाग जातो, पण फरक 9000 + 9216 = 18216 येतो, आणि 18216 ला 7 ने भागल्यावर बाकी 2 उरते. खोट्या विधानालाही जे उत्तर तसंच्या तसं लागू पडतं, ते खऱ्या विधानाबद्दलही काही सांगत नाही. दुसरं उत्तर मात्र 7 घातल्याबरोबर मोडतं. p = m + 9(10ᵏ + 4ᵏ⁺²)/7 अशी ओळ येते आणि p पूर्णांक असल्याचा दावा तिथेच थांबतो. म्हणजे त्या उत्तरात 9 खरोखर कामाला लागला होता.

हीच युक्ती पायालाही लागू होते, फक्त तिथे भाजकाऐवजी स्थिरांक बिघडवायचा. 5 चा 2 केला आणि उत्तर कुठेच अडखळलं नाही, तर पाया घातलेला नाही. छपाईच्या चुकीने ही चाचणी आमच्या नकळत संपूर्ण बॅचवर घेऊन टाकली होती.

बिघडवलेला आकडा निवडताना एक काळजी घ्यावी लागते. सरांनी प्रयोग म्हणून 9 च्या जागी 3 घेतला, आणि चांगली उत्तरंही त्यातून बिनबोभाट पार झाली. ते होणारच, कारण 9 ने भाग जाणाऱ्या फरकाला 3 ने जातोच, आणि पायरी 3 साठी खरीच आहे. चाचणीला अर्थ येतो तो बदललेली पायरी खरोखर खोटी असेल तरच. म्हणून आधी एखादी k घेऊन ती खोटी पडते हे हाताने बघून घ्यायचं, मग उत्तर वाचायचं.

जिथे निर्णय अवघड गेला

पायरी बरोबर पण पाया नाही, अशा उत्तराला किती गुण द्यायचे यावर सर्वांत जास्त वेळ गेला. सरांचं मत शून्याचं होतं. खोट्या विधानाच्या सिद्धतेला गुण कसले, असा त्यांचा प्रश्न. मॅडमचं म्हणणं होतं की मुलाने “f(k) ला भाग जात असेल तर f(k + 1) ला जातो” एवढं दाखवलं आहे आणि हे जर-तरचं विधान पूर्ण खरं आहे. शेवटी सहा गुण फोडले: पायाला दोन, पायरीला तीन, निष्कर्षाला एक. पाया नसलेल्याला तीन गुण मिळाले. 207 लिहिणाऱ्यालाही तीनच. त्याने ओळ लिहिली होती, पण ती तपासलेली नव्हती. 9(p − m) वाल्यांना शून्य, आणि p पूर्णांक असल्याचं दाखवणाऱ्यांना पायरीचे पूर्ण तीन, शेजारी “मानू नये, p = f(k + 1)/9 असे लिहावे” असा शेरा. त्या मुलीला सहापैकी सहा.

दुसरा प्रश्न 1² + 2² + … + n² = n(n + 1)(2n + 1)/6 हा होता, आणि जे सिद्ध करायचं तेच मानून वर्तुळात फिरण्याचा संशय त्यात वेगळ्या रूपात आला. बऱ्याच मुलांनी k + 1 साठीचं समीकरण आधीच लिहून टाकलं होतं:

k(k + 1)(2k + 1)/6 + (k + 1)² = (k + 1)(k + 2)(2k + 3)/6

मग दोन्ही बाजूंना 6 ने गुणून, (k + 1) ने भागून, 2k² + 7k + 6 = 2k² + 7k + 6 पर्यंत आले आणि “सिद्ध” लिहिलं. जे सिद्ध करायचं तिथूनच सुरुवात, म्हणून सर गुण कापायला निघाले होते. मी इथे वेगळं मत दिलं आणि ते टिकलं. या ओळी खालून वरही वाचता येतात. 6 ने गुणणं उलटवता येतं, आणि k + 1 कधी शून्य होत नाही म्हणून त्याने भागणंही उलटवता येतं. बिघडवून बघितलं तरी हेच दिसतं. सूत्रात 6 च्या जागी 5 लिहिला तर डावीकडे 2k² + 6k + 5 येतं, उजवीकडे 2k² + 7k + 6 राहतं, आणि उत्तर मोडतं. म्हणजे मांडणी उलटी आहे, युक्तिवाद वर्तुळात फिरत नाही. अशा उत्तरांचा एकच गुण कापला आणि डाव्या बाजूपासून सुरू करून उजव्या बाजूला पोचा असं लिहून दिलं. दोन्ही बाजूंचा वर्ग केला असता किंवा शून्य होऊ शकणाऱ्या राशीने गुणलं असतं, तर हाच निर्णय उलटा झाला असता, कारण त्या ओळी खालून वर वाचता येत नाहीत.

निष्पत्ती

पेपर परत देताना आधी फळ्यावर 9 आणि 7 ची जोडी लिहिली आणि ती दोन उत्तरं नावं न सांगता वाचून दाखवली. 7 घातल्यावरही पहिलं उत्तर चालतंय हे मुलांना दिसल्यावर कमी झालेल्या गुणांवर फारशी हुज्जत झाली नाही. एका पालकांचा फोन आला. त्यांना 204 ची आकडेमोड सांगितली, ती त्यांनी फोनवरच करून बघितली आणि मुलाशी बोलतो म्हणाले.

पुढच्या परीक्षेत मुद्दाम n ≥ 5 साठी 2ⁿ > n² हा प्रश्न घातला. आता पाया गाळणारं कुणी उरलं नव्हतं, हा फायदा दिसला. पण काहींनी पाया n = 1 ला घातला: 2 > 1, खरे. मग पायरी: 2ᵏ⁺¹ = 2·2ᵏ > 2k², आणि 2k² ≥ (k + 1)², म्हणून सिद्ध. यातली शेवटची असमानता k = 3 पासून पुढेच खरी आहे. k = 1 ला 2 ≥ 4 आणि k = 2 ला 8 ≥ 9 असं खोटं येतं. म्हणजे पाया एकीकडे आणि पायरी दुसरीकडून सुरू. मधल्या 2, 3, 4 साठी तर मूळ विधानच खोटं आहे: 4 > 4, 8 > 9, 16 > 16. पाया लिहायचा असतो हे मुलांनी उचललं होतं, तो कुठे घालायचा हे अजून नाही.

इथे विधान बिघडवायची युक्ती फारशी मदत करत नाही, कारण पाया आहे आणि वर्तुळही नाही. अशा वेळी आम्ही पायरीत k च्या जागी पायाचीच संख्या घालून ती एक पायरी हाताने चढून बघायला लावतो. k = 1 घातला की 2 ≥ 4 लगेच समोर येतं आणि पाया 5 ला हलवावा लागतो.

त्याच पेपरात एका मुलाने n = 5 ते n = 10 पडताळून “म्हणून सिद्ध” असं लिहिलं होतं. विचारल्यावर तो म्हणाला, “सर, 6174 चं पण असंच करून बघतात ना?” 6174 ची गंमत शोधणारे देवळालीचे द. रा. कापरेकर नाशिकच्या मुलांना शाळेपासून माहीत असतात, त्यामुळे प्रश्न रास्त होता. चारही अंक सारखे नसलेली कुठलीही चार अंकी संख्या घ्या, अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करत राहा, उत्तर तीन अंकी आलं तर डावीकडे 0 धरा, जास्तीत जास्त सात वेळांत 6174 येतो. पण चार अंकी संख्या मोजक्या आहेत. त्या एकूण एक तपासून संपवता येतात, आणि तशी तपासणी हीच तिथे पुरेशी सिद्धता ठरते. n ≥ 5 ची यादी कधी संपत नाही. त्याला हे सांगितलं, आणि सहा उदाहरणांतल्या पहिल्या ओळीला पायाचे गुण दिले.

वेगळं काय करता आलं असतं

प्रश्न छापण्याआधी n = 1 आणि n = 2 घालून बघणं हे प्रश्न काढणाऱ्याचं काम आहे. 204 ला 9 ने भागायला अर्धं मिनिट लागत नाही. आता पेपर काढणारा प्रत्येक इंडक्शनच्या प्रश्नाशेजारी पेन्सिलीने पहिल्या दोन किमती लिहून देतो, आणि त्या नसतील तर पेपर झेरॉक्सला जात नाही.

नमुना उत्तर समोर ठेवून तपासण्याची सवय मोडणं जास्त कठीण आहे. सरांची तपासणी निष्काळजी नव्हती. नमुना उत्तरात ज्या ओळी होत्या त्या मुलांच्या उत्तरांत त्यांना सापडत गेल्या आणि त्या ओळींना गुण पडत गेले. स्टेप मार्किंगमध्ये असंच होतं. म्हणून इंडक्शनच्या गुणदान तक्त्यात आता ओळींऐवजी दोन प्रश्न छापले आहेत: पायाची आकडेमोड प्रत्यक्ष केली आहे का, आणि f(k) बद्दलचं गृहीतक नेमक्या कुठल्या ओळीत वापरलं आहे. दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात तपासणाऱ्याने त्या ओळीखाली रेघ मारायची. रेघ मारायला ओळच सापडली नाही, तर विधान बिघडवून बघायचं.

मुलांसाठी “सिद्ध करा” ऐवजी “सिद्ध करा किंवा खोटे ठरवा” असा प्रश्न अधूनमधून यायला हवा होता. तो आधीच्या पेपरांत एकदाही आला नव्हता, त्यामुळे 204 दिसूनही स्वतःच्या आकडेमोडीवरच शंका घेणारी मुलं असतील, हे नाकारता येत नाही. एका उत्तरपत्रिकेत 204 खोडून वर “उघडच” लिहिलेलं आम्हाला दिसलंच. त्या मुलाला n = 1 चं खरं उत्तर मिळालं होतं. त्याला पायाचे गुण द्यावेत का यावर आमचं एकमत झालं नाही, आणि खोडलेलं तपासायचं नाही या नियमाने त्याचे तीनच गुण राहिले. मॅडमना ते अजून पटलेलं नाही. पुढच्या पेपरांपासून खोडलेला पाया बरोबर असेल तर गुण नाहीत, पण मुलाला बोलावून का खोडलं हे विचारायचं, असं ठरलं आहे.